विहीर पाहून आखलेला वायंगणाचा पीक तक्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरदाचं भात कापून झालं की मला फोन येऊ लागतात. डिचोली, पेडणे, सत्तरी, फोंडा, सगळीकडून. विचारणाऱ्यांकडे जमीन थोडी असते, बहुतेकांकडे पाचशे ते दोन हजार चौरस मीटर, एक विहीर आणि घरचे दोन-चार हात. प्रश्नही फिरून फिरून तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत, सोप्यापासून अडचणीच्या प्रश्नापर्यंत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. तक्ता करायचा म्हणजे नेमकं काय लिहायचं, आणि सुरुवात कुठून करायची?

दर पिकापुढे चार गोष्टी लिहायच्या: पेरणी किंवा लावणी कधी, पाणी किती लागणार, माल किती निघेल, आणि काढणी कधीपासून कधीपर्यंत. बहुतेक जण पेरणीच्या रकान्यापासून सुरुवात करतात. शेत रिकामं झालेलं दिसतं आणि हातात बी असतं, म्हणून तसं होणं साहजिक आहे. पण गोव्यात वायंगणाचा तक्ता पाण्याच्या रकान्यापासून भरावा लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि ऑक्टोबरनंतर मे संपेपर्यंत जवळजवळ काहीच पडत नाही. जांभ्या दगडातून पाणी जसं झटकन आत मुरतं तसंच ते उताराकडे निघूनही जातं. त्यामुळे डिसेंबरात काठोकाठ दिसणारी विहीर एप्रिलात तळाला जाते. एप्रिलात विहीर किती देते तो आकडा आधी काढायचा, मग पिकं ठरवायची.

2. एखादा भरलेला तक्ता दाखवाल का?

खालचे आकडे 100 चौरस मीटर वाफ्यांसाठी आहेत. आपल्या एक-चौदाच्या उताऱ्यावर क्षेत्र चौरस मीटरमध्येच असतं, म्हणून हिशेब सोपा जातो. दोडामार्ग-सावंतवाडीकडच्या वाचकांनी हे एक गुंठा धरायला हरकत नाही. पाणी पाटाने द्यायचं असं धरलं आहे.

| पीक | पेरणी / लावणी | पाणी | अपेक्षित उत्पादन | काढणी |
|---|---|---|---|---|
| तांबडी भाजी | नोव्हेंबर ते मार्च, दर 10 दिवसांनी थोडी थोडी | रोज 600 लिटर, मार्चपासून 750 | एका पिकाला 80 किलो | 25 ते 30 दिवसांनी |
| अळसांदे | 15 नोव्हेंबर ते 10 डिसेंबर | ओलीवर उगवण. पुढे तीन वेळा 3,500 लिटर | सुके दाणे 8 किलो | फेब्रुवारी अखेर ते मार्चचा पहिला आठवडा |
| रताळी | वेल नोव्हेंबरच्या मध्याआधी | रोज 400 लिटरच्या हिशेबाने, आठवड्यातून एकदा | 120 किलो | मार्चचा पहिला पंधरवडा |
| मिरची | रोप ऑक्टोबरात, लावणी 20 नोव्हेंबरच्या सुमारास | रोज 600 लिटर, मार्चपासून 750 | हिरवी 60 ते 80 किलो | हिरवी जानेवारी अखेरपासून, लाल एप्रिलपर्यंत |
| भेंडी | जानेवारीचा शेवटचा आठवडा | भर वाढीत रोज 750 लिटर | 80 किलो | पेरल्यापासून 50 दिवसांनी, पुढे सहा-सात आठवडे |
| कलिंगड | डिसेंबरचा दुसरा पंधरवडा | रोज 600 लिटर, पिकताना कमी | 200 किलो | मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून |

हा तक्ता तसाच उतरवून घेऊ नका. कोणतं पीक किती वाफ्यांवर घ्यायचं ते प्रश्न 4 मधल्या हिशेबाने ठरतं. उत्पादनाच्या आकड्याबद्दल प्रश्न 5 वाचल्याशिवाय पैशांचं गणित मांडू नका.

3. माझी विहीर रोज किती पाणी देते, ते घरच्या घरी कसं काढायचं?

एक दोरी, टोकाला बांधलेला दगड आणि मोजपट्टी एवढंच लागतं. संध्याकाळी पंप नेहमीच्या पातळीपर्यंत चालवून बंद करा. काठावरून दोरी सोडून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. सकाळी पंप सुरू करण्याआधी पुन्हा मोजा. दोन्ही मापांतला फरक म्हणजे रात्रभरात चढलेलं पाणी. आता विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा आणि आलेल्या आकड्याला 0.785 ने गुणा. तीन मीटर व्यासाच्या विहिरीला हे सात चौरस मीटर येतं, म्हणजे दर एक मीटर चढीला सात हजार लिटर.

इथे एक चूक फार जण करतात. पंप न चालवता संध्याकाळी नुसतं माप घेतात, सकाळी पाणी चार बोटंच वर आलेलं दिसतं, आणि विहीर आटली म्हणून घाबरतात. विहीर भरलेली असली की झरे आपोआप मंद होतात. उपसा झाल्याशिवाय त्यांची खरी ताकद कळत नाही. शेजारच्या भाटात त्याच रात्री पंप चालू असेल तर तेही लिहून ठेवा, कारण जवळच्या दोन विहिरींना खालून एकच झरा असू शकतो.

हे माप दर महिन्याच्या ठरलेल्या दिवशी घ्या. या वर्षीचं एप्रिलचं माप पुढच्या वर्षीच्या तक्त्याला लागतं. पहिल्याच वर्षी ते हाताशी नसेल तर घरातल्या जुन्या माणसांना विचारा की मे महिन्यात किती पायऱ्या उघड्या पडायच्या. माझ्या आईने दाखवलेली पायरी आणि माझं नंतरचं माप यांत वीतभराचाही फरक नव्हता.

4. पाण्याचे लिटर कळले. त्यावरून किती जागा लावायची?

पूर्ण वाढलेल्या भाजीपिकाला डिसेंबर-जानेवारीत दर चौरस मीटरला रोज साधारण चार लिटर लागतात आणि मार्च-एप्रिलात पाच. पाटातून जाताना तिसरा हिस्सा मुरतो किंवा उडतो, म्हणून विहिरीतून हिवाळ्यात सहा आणि उन्हाळ्यात साडेसात लिटर काढावे लागतात. ठिबक असेल तर गळती फार थोडी, उन्हाळ्यातही साडेपाच लिटरवर भागतं.

आता एक हिशेब पूर्ण करून पाहू. जमीन 1,000 चौरस मीटर आहे. बांध, पाट आणि चालायची वाट सोडली तर खरे वाफे 750 चौरस मीटरच मिळतात. विहीर तीन मीटर व्यासाची. जानेवारीत रात्रभरात 90 सेंटिमीटर चढते, म्हणजे 6,300 लिटर. त्यावर हजारभर चौरस मीटर भिजतील, म्हणून माणूस निश्चिंत होतो. तीच विहीर एप्रिलात 35 सेंटिमीटरच चढते, म्हणजे 2,450 लिटर. त्याला साडेसातने भागलं की 325 चौरस मीटर येतात. एप्रिलात याच्यापेक्षा जास्त उभं पीक ठेवता येणार नाही.

म्हणून 750 मधले साडेचारशे चौरस मीटर मार्चच्या मध्यापर्यंत मोकळे व्हायलाच हवेत. मांडणी अशी केली: अळसांदे 300, मिरची 150, रताळी 100, भेंडी 100, तांबडी भाजी 100. अळसांदे फेब्रुवारी अखेर निघतात, रताळी मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आणि त्याच सुमारास तांबडी भाजी निम्म्यावर आणायची. उरलं काय? मिरची 150, भेंडी 100, भाजी 50, एकूण 300. त्यांना रोज 2,250 लिटर लागतात आणि विहीर 2,450 देते. जेमतेम बसतं, पण बसतं.

जानेवारीचीही एकदा खात्री करून घ्या. तेव्हा अळसांदे सोडून बाकीच्या 450 चौरस मीटरना रोज जास्तीत जास्त 2,700 लिटर लागतात. उरलेल्या 3,600 लिटरमध्ये अळसांद्याचा एकच 100 चौरस मीटरचा तुकडा भिजतो. म्हणून त्यांना पाणी द्यायची पाळी आली की तीन दिवसांत तीन तुकडे करायचे, सगळं शेत एका दिवसात भिजवायला जायचं नाही.

5. तक्त्यात लिहिलं होतं तेवढं उत्पादन मला कधीच का मिळत नाही?

पहिलं कारण जागेचं. पुस्तकातला हेक्टरी आकडा आपण उताऱ्यावरच्या क्षेत्राला लावतो, आणि प्रश्न 4 मध्ये पाहिलं तसं त्यातलं चौथाई क्षेत्र बांध आणि पाट खातात. दुसरं कारण रिकाम्या जागा. न उगवलेलं बी, मोराने उपटलेली रोपं, एका कोपऱ्यात मर लागून गेलेली मिरची, हे सगळं दर वर्षी थोडं थोडं होतंच.

पहिल्या वर्षी तक्त्यातल्या आकड्याचे साठ टक्केच धरा. वरच्या हिशेबात 300 चौरस मीटर अळसांद्यांचे 24 किलो होतात, पण मी 15 किलो लिहीन आणि घरी व विक्रीला किती ते त्यावर ठरवीन. दुसऱ्या वर्षापासून स्वतःचा आकडा वापरायचा. त्यासाठी फार खटपट नको. पाटाशेजारचा आणि टोकाचा असे दोन वाफे निवडा आणि त्यांचाच माल दर तोड्याला वजन करून वहीत लिहा. टोकाचा वाफा निम्म्यावर आला तर खत वाढवू नका, पाणी तिथपर्यंत पोचत नाही असं समजा.

6. तक्त्यात "नोव्हेंबर" लिहिलंय. पण नेमक्या कोणत्या दिवशी पेरायचं?

रताळी-मिरचीला आठ दिवस इकडे-तिकडे चालतात. अळसांद्यांना चालत नाहीत, कारण ते भाताच्या शेतातल्या उरलेल्या ओलीवर उगवतात. नांगरटीनंतर मूठभर माती घेऊन दाबा. गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारल्यावर तो फुटला तर वाफसा आला. बोटाला चिखल चिकटला तर चार दिवस थांबा, नाहीतर बी कुजतं. गोळाच होत नसेल तर ओल गेली, मग आधी हलकं पाणी देऊन पेरावं लागतं.

ऑक्टोबरात भात लवकर कापून झालं म्हणून मी एकदा महिना संपायच्या आत अळसांदे पेरले होते. त्यानंतर दोन जोरदार सरी आल्या. वेल गुडघ्यापर्यंत वाढले, हिरवेगार, शेजारी थांबून पाहायचे, आणि शेंगा मात्र मोजक्याच लागल्या. जादा ओलीत अळसांदे पाल्यावर जातात. तेव्हापासून मी 15 नोव्हेंबरच्या आधी हात लावत नाही. 10 डिसेंबरनंतरही नको, कारण मग दाणे भरण्याची वेळ मार्चच्या उन्हात येते आणि ते पाणी प्रश्न 4 च्या हिशेबात कुठेच धरलेलं नाही.

7. काढणीच्या रकान्यात तारीख न लिहिता "पासून-पर्यंत" का लिहायचं?

कारण मनुष्यबळ आणि बाजार दोन्ही त्यावर ठरतात. रताळी एका दिवसात खणून होतात. भेंडी पहिल्या फुलांनंतर दिवसाआड तोडावी लागते, एक तोडा चुकला की ती जून होते आणि झाडही पुढची फुलं कमी धरतं. म्हणून भेंडीच्या सहा-सात आठवड्यांत घरात लग्न किंवा जत्रा आहे का ते तक्ता करतानाच पाहायचं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माल न्यायचा असेल तर गुरुवारचा तोडा सांभाळून पाळी लावायची.

तांबड्या भाजीला हा रकाना सर्वांत उपयोगी. 100 चौरस मीटर एकदम पेरली तर 80 किलो भाजी एका आठवड्यात हाताशी येते आणि तिचं काय करायचं ते कळत नाही. तेच वाफे तीन भागांत करून दहा-दहा दिवसांनी पेरले तर दर खेपेला 25 किलोच्या आसपास निघते. तेवढी शेजारीपाजारी आणि गावातल्या दुकानात जाते.

8. चवथीच्या भाजीची पेरणीची तारीख दर वर्षी वेगळी का येते?

चवथ चांद्रमासाने येते आणि भेंडी उन्हापावसाने वाढते, म्हणून. 2025 मध्ये चवथ 27 ऑगस्टला होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने ती 14 सप्टेंबरला आहे, म्हणजे अठरा दिवस पुढे. पेरणी मात्र "मिरगाला" करायची सवय आपण सोडत नाही, आणि मग काही वर्षी भेंडीचा भर चवथीआधीच सरतो.

हिशेब उलटा करायचा. भेंडीचा भर पेरल्यापासून साधारण 65 दिवसांनी येतो. 2025 च्या चवथीसाठी ती तारीख 23 जून येत होती, 2026 साठी 11 जुलै येते. जुलैच्या मुसळधार पावसात बी टिकत नाही, ही खरी अडचण. म्हणून उशिराच्या चवथीच्या वर्षी बी पडवीत पिशव्यांमध्ये, एका पिशवीत दोन दाणे असं लावतो आणि दोन आठवड्यांची रोपं पिशवीतल्या मातीसकट उंच वरंब्यावर ठेवतो. मुळाला धक्का लागला तर भेंडी रुसते, तेवढं जपायचं. तवशी आणि दोडकी पंचेचाळीस दिवसांनी लागू लागतात, पण बराच काळ देत राहतात. त्यांच्या वेळेला एवढं काटेकोर असायची गरज नाही.

9. मार्चमध्येच विहीर खाली गेली. शेतात उभं असलेलं कोणतं पीक सोडायचं?

सगळ्यांना थोडं थोडं पाणी देऊ नका. तसं केलं की प्रत्येक पीक जेमतेम जगतं आणि एकही नीट भरत नाही. आधी तांबड्या भाजीचे नवे वाफे बंद करा, तिथे फक्त पुढची पेरणी जाते. रताळ्यांना काढणीआधी दोन आठवडे पाणी तसंही लागत नाही. नंतर मिरची. तिच्यावर लाल होणारी फळं असतील तर निम्म्या पाण्यावरही ती पिकून सुकतात, फक्त नवी फुलं गळतात. पुरुमेंताच्या सुक्या मिरचीसाठी एवढं पुरतं. भेंडीचं पाणी शेवटी तोडायचं, कारण ताण बसताच शेंग वाकडी आणि राठ होते.

कलिंगड असेल तर त्याचं पाणी हळूहळू कमी करा, एकदम बंद नको. आणि ताण पडल्यावर दया येऊन भरपूर पाणी तर मुळीच देऊ नका, फळं तडकतात.

10. कालव्याचं पाणी येतं. मग विहिरीचा हिशेब हवाच का?

हवा. तिळारी किंवा साळावलीच्या कालव्याचं पाणी पाळीने येतं आणि दुरुस्तीसाठी बंदही राहतं. एका वर्षी आमच्याकडे पाणी तीन आठवडे आलं नाही, तेही मिरची फुलावर असताना. तेव्हापासून मी कालव्याच्या भरवशावर फक्त तीच पिकं ठेवतो जी दहा दिवस कोरडी राहू शकतात, म्हणजे अळसांदे आणि रताळी. मिरची, भेंडी आणि भाजी विहिरीच्या बाजूला. वायंगणी भात करायचं असेल तर मात्र कालवा किंवा बारमाही ओहोळ हवाच. भाताला शेतात पाणी उभं लागतं, वरच्यासारख्या विहिरीवर ते होणार नाही.

11. माझी जमीन खाजनात आहे. हाच तक्ता चालेल का?

नाही. खाजनात पावसाने मीठ धुऊन जातं, म्हणून सरदात कोरगूटसारखं खारं सोसणारं भात येतं. पाऊस थांबला की खालचं मीठ उन्हाबरोबर वर चढू लागतं. जानेवारीत कोरड्या ढेकळांवर पांढरी झाक दिसली तर तिथे अळसांदे, मिरची, भेंडी काहीच लावू नका. कडेच्या उंच भागात गोड्या पाण्याची विहीर असेल तर तेवढ्याच भागाचा वेगळा तक्ता करा.

खाडीजवळच्या विहिरींची आणखी एक गोष्ट. डिसेंबरात पाणी गोड लागतं आणि मार्चमध्ये उपसा वाढल्यावर त्यात खार येतो. मिरचीच्या पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी होऊ लागल्या आणि पाणी तर रोज दिलं जातंय, तर खताची चूक शोधण्याआधी पाणी तपासून घ्या. विभागीय कृषी कार्यालयात विचारलं की तपासणी कुठे होते ते सांगतात.

12. खोल्याची मिरची या तक्त्यात बसत नाही असं का वाटतं?

कारण ती वायंगणाची नाहीच. काणकोणात खोल्याला ती डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते, रोप पावसाच्या तोंडावर टाकतात आणि फळं पाऊस सरताना येतात. उतार असल्याने मुळाशी पाणी थांबत नाही, म्हणून एवढ्या पावसातही ती टिकते. तिचं बी आणून सपाट शेतात जूनमध्ये लावलं तर मुळं कुजतात. तिच्यासाठी पाण्याच्या रकान्यात लिटर लिहायचे नाहीत, "निचरा" एवढंच लिहायचं.

13. सगळा हिशेब बरोबर असूनही पीक गेलं, गुरांनी खाल्लं. हे तक्त्यात कुठे लिहायचं?

पेरणीच्या रकान्याच्या आधी. सरदाचं भात कापलं की गावची गुरं मोकळी सुटतात, आणि त्या सुक्या शेतांत तुमचाच एक हिरवा तुकडा उठून दिसतो. कुंपण पूर्ण होण्याची तारीख पेरणीच्या किमान दोन दिवस आधीची लिहा. शेजारच्या दोन-तीन शेतकऱ्यांनी लागून लागून अळसांदे घेतले तर कुंपण बाहेरच्या कडेनेच घालावं लागतं आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येतं. आम्ही तिघे आता दसऱ्यानंतर एकत्र बसूनच तक्ता करतो. कोणाचं भात आधी कापायचं आणि कोणाच्या बाजूने काटे आधी लावायचे हे त्याच दिवशी ठरतं.